रात्री साडेबाराला शिव्या टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला काय लिहायचं: बडोद्यात नव्याने चणियाचोळी शिवायला घेणाऱ्यांसाठी

बडोद्यात घरून चणियाचोळी शिवायचं काम सुरू केलं की मशीन, कारीगर, मंगळबाजारातली लेस हे सगळं कुणी ना कुणी शिकवतं, पण फोनचं कुणी शिकवत नाही. आणि नवरात्रीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत खरा त्रास फोनचाच. दिवसभर बेन लोक कामात असतात, रात्री जेवण आटोपलं, पोरं झोपली की मग त्यांना आठवतं की आपली चोळी शिवायला दिलीय, मग साडेबाराला "केम जवाब नथी आपता?" सुरू. बहुतेक जणी सांगितलं की ऐकतात, त्यांचं काही नाही. हे लिहितेय ते त्या एखाद्या गिऱ्हाइकासाठी जे सांगूनही ऐकत नाही, आणि रात्रीच्या मेसेजात शिव्या पण घालतं. त्याला लेखी काय कळवायचं, कधी कळवायचं, आणि नंतर त्यावर टिकायचं कसं, एवढंच.

आधी वेळ लिहून ठेवा, भांडण व्हायच्या आधी

गिऱ्हाईक चिडल्यावर तुम्ही पहिल्यांदा "मी सातनंतर बघत नाही" म्हणालात तर ते त्याला शिक्षा वाटते. तेच वाक्य ऑर्डर घेतानाच्या चिठ्ठीवर असेल तर ती तुमच्या दुकानाची वेळ असते. म्हणून माप घेतलं की जी पावती देता, त्यावर मापं, रक्कम, अॅडव्हान्स, ट्रायलची तारीख याच्या खाली दोन ओळी छापून किंवा हाताने लिहून घ्या: मेसेजची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७, रविवारी बंद. आणि दुसरी ओळ, जी कुणी लिहित नाही पण पुढे तीच लागते: ऑर्डर अर्धवट थांबली तर कटिंगचे एका सेटला किती रुपये. पावतीचा फोटो काढून गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर टाका म्हणजे तो तारखेसकट दोघांकडे राहतो.

साधं व्हॉट्सअॅप वापरत असाल तर बिझनेसवालं घ्या, ते फुकट आहे. त्यात प्रोफाइलमध्ये कामाची वेळ टाकता येते आणि अवे मेसेज लावता येतो, म्हणजे वेळेबाहेर कुणी लिहिलं की आपोआप उत्तर जातं. सेटिंगमध्ये बिझनेस टूल्समध्ये तो सापडेल, तिथे "कामाच्या वेळेबाहेर" हा पर्याय निवडा. कुणाला जावा हेही ठरवता येतं, त्यात "अमुक सोडून सगळे" करून घरचे लोक आणि कारीगर वगळा, नाहीतर रात्री सासूबाईंना "आमची वेळ सकाळी १० ते ७" जाईल आणि मग वेगळंच प्रकरण. एक ध्यानात घ्या, तुमच्या फोनला नेट चालू असेल तरच हा मेसेज जातो, रात्री नेट बंद करून झोपत असाल तर त्याच्यावर अवलंबून राहू नका.

अवे मेसेजात "लवकरात लवकर उत्तर देऊ" असं लिहू नका. रात्री एकला चिडलेल्या माणसाला लवकरात लवकर म्हणजे दहा मिनिटं वाटतात. "आता दुकान बंद आहे, उद्या सकाळी १० नंतर तुमचा मेसेज बघेन" एवढं पुरे.

उशिराचा मेसेज आणि घाण मेसेज, दोन्हींना एक औषध नाही

हे वेगळं करणं फार जरुरी आहे. रात्री एकला "बेन, लटकण लाल घ्या, हिरवी नको" असा मेसेज आला तर त्यात काही चूक नाही, बिचारीने आठवलं तेव्हा लिहून टाकलं, तुम्ही सकाळी वाचा. ती उत्तर मागत नाहीये. त्याच बाईने सव्वाला पुन्हा, दीडला दोन मिस्ड कॉल आणि "वाचून गप्प का बसलात" असं केलं तर ते उत्तर मागणं झालं, इथे वेळेची आठवण द्यायची. आणि "चोर", "लायकी नाही", आईबापावरून काही, हे आलं की वेळ काहीही असो, सकाळी अकराला आलं तरी, ते भाषेचं प्रकरण झालं.

उशिराच्या मेसेजला फक्त गप्प राहूनही भागतं. भाषेच्या प्रकरणाला गप्प राहून भागत नाही, तिथे लिहावं लागतं.

गप्प राहण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट. चॅट म्यूट केलं तरी त्या माणसाचा व्हॉट्सअॅप कॉल वाजतोच, म्यूट फक्त मेसेजला लागतं. त्यामुळे रात्री फोनचाच डू नॉट डिस्टर्ब लावा आणि घरच्या दोन-तीन नंबरांना त्यात सूट द्या. निळी टिक बंद करायचा मोह होतो, पण ती बंद केली की समोरच्यांची पण तुम्हाला दिसत नाही, आणि ट्रायलची तारीख गिऱ्हाइकाने वाचली की नाही हे आपल्याला हवं असतं. त्यापेक्षा रात्री ते चॅट उघडूच नका.

लिहायच्या आधी जपून ठेवा

शिवी देणारी माणसं सकाळी उठून मेसेज पुसतात. व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर साधारण दोन दिवसांपर्यंत "सगळ्यांसाठी डिलीट" करता येतं, आणि पंधरा मिनिटांच्या आत मेसेज बदलता पण येतो. मग चॅटमध्ये तुमचं रागाचं उत्तर राहतं आणि तिचं काहीच राहत नाही, बघणाऱ्याला वाटेल तुम्हीच उगाच चिडलात. म्हणून सकाळी चॅट उघडलं की सगळ्यात आधी स्क्रीनशॉट, वेळ दिसेल असा. वर नाव दिसतं ते तुम्ही सेव्ह केलेलं, त्यामुळे एकदा त्या नावावर टॅप करून नंबर दिसतो त्या पानाचा पण स्क्रीनशॉट घ्या. व्हॉइस नोट असेल तर ती स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

चॅटमध्ये आपोआप गायब होणारे मेसेज चालू आहेत का तेही बघा. समोरचा माणूस ते चालू करू शकतो, चॅटमध्ये त्याची छोटी ओळ येते आणि आपण गडबडीत वाचत नाही. चालू दिसलं तर बंद करा आणि लगेच चॅट एक्सपोर्ट करा, म्हणजे सगळं एका फाइलमध्ये निघतं. एकदाच दिसणारा फोटो किंवा व्हॉइस आला तर त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, त्यात काय होतं आणि किती वाजता आलं ते वहीत लिहा.

आता तो मेसेज

एक केस घेऊ म्हणजे नीट कळेल. नाव-गाव काही सांगत नाही, फक्त हिशोब सांगते. एक बेन, स्वतःसाठी आणि दोन मुलींसाठी मिळून तीन सेट. शिलाई सेटला २,२०० म्हणजे ६,६००, लेस, आभलं, लटकण मिळून १,४००, असे एकूण ८,०००. अॅडव्हान्स ५,०००. कापड त्यांचं. मोठ्या मुलीचा सेट तयार झाल्यावर फोटो पाठवला, त्यांनी दिवसभर बघितला नाही, रात्री पावणेएकला बघितला आणि लेसचा रंग वेगळा आहे म्हणून सुरुवात केली ती सव्वापर्यंत. बारा-पंधरा मेसेज, दोन मिस्ड कॉल, मध्ये "तुम्ही लोक चोरच" आणि त्याच्यापुढचं एक जे इथे लिहित नाही.

हाताला पहिलं जे येतं ते असं काहीतरी असतं:

"बेन प्लीज असं बोलू नका, मी पण माणूस आहे, दिवसभर काम करते, रात्री मला पण झोप लागते, तुम्हीच रंग पसंत केला होता आता माझ्यावर का ढकलता, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांमुळेच काम करावंसं वाटत नाही, समजून घ्या प्लीज 🙏"

यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल. पण याच्यातून तिला करायचं काय हे कळत नाही, पुन्हा असं झालं तर काय होईल तेही नाही, आणि तिच्या तीन सेटचं काय याचा पत्ताच नाही. उलट "तुमच्यासारख्या" हा एक शब्द पकडून ती अजून एक तास लिहील. आणि रात्री सव्वाला पाठवलात तर वर हेही कळलं की शिवी दिली की उत्तर रात्रीच मिळतं. हे तर सगळ्यात महाग पडतं, कारण नंतर कितीही वेळा "सातनंतर बघत नाही" म्हणा, तिला माहितीये की बघता.

आता सकाळी, दहा-साडेदहाला, चहा झाल्यावर, हा:

"नमस्कार बेन. काल रात्री १२.४५ ते १.१५ मध्ये तुमचे मेसेज आणि दोन कॉल आले. त्यात अपशब्द होते.

लेसबद्दल: तुम्ही १२ तारखेला पसंत केलेल्या लेसचा फोटो खाली परत टाकते, तीच लावली आहे. बदलून हवी असेल तर उद्या संध्याकाळी ५ पर्यंत कळवा. लेस आणि उसवून लावण्याचे मिळून ३५० रुपये वेगळे होतील आणि तो सेट एक दिवस उशिरा मिळेल. दुसऱ्या सेटचं कटिंग झालंय. तिन्ही सेटची तारीख पावतीवर आहे तीच, लेस बदलली तरच पहिल्यात एक दिवस.

मेसेजला मी सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्येच उत्तर देते. नंतर आलेला मेसेज दुसऱ्या दिवशी बघेन. ऑर्डरबद्दल कॉल नको, मेसेजच टाका, म्हणजे दोघांकडे लिहिलेलं राहील.

पुन्हा अपशब्द आले तर मी काम आहे तिथे थांबवेन, तयार झालेलं आणि उरलेलं कापड परत देईन आणि पावतीप्रमाणे हिशोब करून उरलेला अॅडव्हान्स परत करेन."

आम्ही हे गुजरातीत पाठवतो, गिऱ्हाईक ज्या भाषेत लिहितं त्याच भाषेत पाठवायचं, पण आधी आपल्या भाषेत लिहून काढलं की डोकं शांत राहतं.

आता यात काय काय आहे ते बघा. पहिल्या ओळीत फक्त घडलं ते, वेळेसकट. शिवी परत टाइप केलेली नाही, आणि "तुमचा स्वभाव", "संस्कार" असलं काही नाही. कारण घडलेल्या गोष्टीवर ती वाद घालू शकत नाही, स्वभावावर मात्र दिवसभर घालेल.

मग शिवीच्या आतली तक्रार काढून तिला सरळ उत्तर दिलंय. हा भाग नवीन लोक हमखास सोडतात. राग आलेला असतो ना, वाटतं आधी माफी मागू दे मग लेसचं बोलू. पण लेसची तक्रार खरी असू शकते, आणि खरी असेल, म्हणजे लेस आपल्याकडूनच चुकीची लागली असेल, तर तिथे साफ लिहायचं की हे आमच्याकडून चुकलं, फुकट बदलून देतो. त्याने तुमची बाजू कमी होत नाही. चुकीची लेस लावली म्हणून शिव्या खाव्या लागतात असं थोडंच आहे. फक्त माफी त्या लेसची, वेळेची नाही. "सॉरी, रात्री उत्तर देऊ शकले नाही" हे लिहिलं की आपणच कबूल केलं की द्यायला हवं होतं.

वेळेच्या ओळीत कारण दिलेलं नाही हे मुद्दाम. लहान मूल आहे, तब्येत बरी नाही, कारीगर लवकर जातो, यातलं एक कारण दिलं की समोरून त्याच्यावर तोडगा येतो: मग मूल झोपल्यावर बघा ना. मंगळबाजारातला दुकानदार शटर पाडताना कारण सांगतो का?

शेवटची ओळ सगळ्यात जपून लिहायची. परिणाम तोच लिहा जो तुमच्या हातात आहे आणि जो तुम्ही खरंच करणार आहात. "पोलिसात जाईन", "सगळ्या ग्रुपवर टाकीन" हे लिहू नका, एकतर ते तुम्ही करणार नसता, आणि वर ती धमकी तुमच्या नावावर लिहिलेली राहते. काम थांबवणं आणि पैसे परत करणं हे मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. ५,००० घेऊन आधीच लेसमध्ये घातले असतील आणि परत द्यायला नसतील तर ती ओळ लिहू नका, त्याऐवजी "अपशब्द असलेल्या मेसेजला उत्तर देणार नाही, ऑर्डर तारखेला घेऊन जा, पुढच्या सीझनला ऑर्डर घेणार नाही" असं लिहा. कमी वाटतं पण पाळता येतं.

हात जोडलेला इमोजी नको. आणि व्हॉइस नोट तर अजिबात नको, आवाज थरथरतो किंवा चढतो, आणि लोक तीच फॉरवर्ड करतात.

पाठवल्यावर

तीनपैकी एक होतं. गप्प बसतात आणि दोन दिवसांनी सरळ ट्रायलची वेळ विचारतात, म्हणजे झालं काम, तुम्ही पण काही उगाळू नका. किंवा "सॉरी बेन, टेन्शनमध्ये होते" येतं, त्याला "ठीक आहे, लेसचं उद्या ५ पर्यंत कळवा" एवढंच. "अरे काही हरकत नाही, चालतं हो" हे तोंडात येईल, येऊ देऊ नका, कारण हरकत होती म्हणून तर लिहिलं.

तिसरं म्हणजे परत सुरू. पहिल्या एक-दोन रात्री मेसेज वाढतात सुद्धा, कारण आधी ज्याने उत्तर मिळायचं ते आता मिळत नाही म्हणून अजून जोरात करून बघतात. इथेच माणूस ढिला पडतो, वाटतं आपल्या मेसेजनेच बिघडलं. रात्री एकही अक्षर नको, "उद्या बोलू" सुद्धा नको, ते पण उत्तरच. सकाळी वेळेत एक ओळ.

फक्त उशिराचे असतील आणि शिवी नसेल तर ऑर्डर बंद करायची गरज नाही. सकाळी नेहमीसारखं उत्तर द्या, रात्रीच्या पंधरा मेसेजना मिळून एकच, आणि वेळेचा उल्लेख दर वेळी करू नका.

शिवी परत आली तर लगेच तोडण्याआधी एक मधला रस्ता आहे जो मला तरी पटतो, खास करून नवरात्र आठवड्यावर आली असेल तेव्हा, कारण त्या दिवसांत बडोद्यात दुसरं कुणी शिवायला घेणार नाही आणि गरब्यासाठी वाट बघणाऱ्या मुलींचा यात काय दोष. लिहायचं: "यापुढे ऑर्डरचं बोलणं तुमच्या मोठ्या मुलीशी करेन, तिचा नंबर पाठवा. तुमच्या नंबरवरून आलेल्या मेसेजला उत्तर देणार नाही." मुलगी सज्ञान असेल तरच, शाळेतल्या पोरीला आईच्या भांडणात घालू नका. घरात दुसरं कुणी समजूतदार असेल, नणंद, बहीण, तेही चालतं. हे एकदाच करायचं, त्या दुसऱ्या नंबरवरूनही तेच आलं तर मग बंद.

ऑर्डर बंद करायचीच झाली तर

आपल्या केसमध्ये बंद करावी लागली असं धरा. लेस बदलायची नाही असं त्या बेननी कळवलं, आणि दोन रात्रींनी कारीगराच्या आईवरून व्हॉइस नोट आली. मुलीचा नंबर मागितला तो दिला नाही, वर अजून एक शिवी. पहिला सेट तयार, दुसऱ्याचं फक्त कटिंग, तिसऱ्याला हात लावलेला नाही. पावतीवर कटिंगचे सेटला ३०० लिहिलेले होते. हिशोब असा जातो:

"नमस्कार बेन. मी सोमवारी लिहिलं होतं त्याप्रमाणे काम आज थांबवते आहे. तयार सेटची शिलाई २,२००, दुसऱ्या सेटचं कटिंग ३००, लेस-आभलं-लटकण १,४००, एकूण ३,९००. तुमचे ५,००० आले होते, १,१०० आज तुमच्या यूपीआयवर परत पाठवले. तयार सेट, कापलेलं कापड, तिसऱ्या सेटचं कापड आणि उरलेली सगळी लेस पिशवीत बांधून ठेवली आहे. उद्या ११ ते ५ मध्ये कुणालाही पाठवून घेऊन जा."

लेसचे पूर्ण १,४०० धरले कारण लावलेली आणि उरलेली सगळी लेस आपण तिला देतोय. उरलेली आपल्याकडे ठेवायची असेल तर तिचे पैसे वजा करा, दोन्ही नाही चालत. कटिंगचा दर पावतीवर नसेल तर तो आता शोधून काढू नका, सोडून द्या, तीनशे रुपयांसाठी अजून आठवडाभर मेसेज वाचायचे का? आणि कापड अडकवून ठेवायचं नाही, "आधी माफी मग कापड" असं तर मुळीच नाही. कापड तिचं आहे, ते अडवलं की शिव्या देणारी बाई सुद्धा बरोबर ठरते.

आधी पैसे पाठवा, मग मेसेज. यूपीआय करताना नोटमध्ये पावतीचा नंबर टाका आणि त्याचा स्क्रीनशॉट त्याच चॅटमध्ये. पिशवी बांधण्याआधी सगळं सामान चादरीवर पसरून एक फोटो काढा, न्यायला येणाऱ्याकडून पावतीच्या मागे सही घ्या. त्या दिवशी घरात तुमच्याबरोबर कुणीतरी असू द्या.

ब्लॉक हे सगळं झाल्यावर. आधीच ब्लॉक केलं तर पिशवी कधी न्यायची हे विचारायला ती दारात येईल, आणि घरूनच काम म्हणजे दार आपलंच. ब्लॉक केल्याचा समोरच्याला वेगळा मेसेज जात नाही. रिपोर्ट पण करू शकता, त्यात त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअॅपकडे जातात, मात्र रिपोर्ट करताना चॅट डिलीट करायची खूण दिसली तर ती काढा आणि एक्सपोर्ट आधी करून ठेवा.

मग ती गूगलवर एक स्टार देईल. देऊ दे. लेस आवडली नाही, ऑर्डर अर्धवट सोडली, हे लिहायचा तिला हक्क आहे, आणि "रिव्ह्यू काढा तर पैसे देते" असा सौदा तर कधीच करू नका. खाली एकदाच उत्तर: काम का थांबवलं हे एका ओळीत, पैसे आणि कापड परत दिलंय. चॅटचे स्क्रीनशॉट तिथे चिकटवायचे नाहीत, त्यात तिचा नंबर आहे, मुलींची मापं आहेत.

जिथे हा मेसेज पुरत नाही

"बघून घेईन" आणि "घरी येऊन मशीन फोडीन, हातपाय तोडीन" यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारात सीमा वगैरे लिहित बसू नका, उत्तरच देऊ नका. घरी येऊन दारावर असतील तर ११२. नुसतं लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या पोलीस स्टेशनला. जिवाची, अंगाची किंवा मालमत्तेची धमकी देऊन घाबरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. ऑनलाइन तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. १९३० हा नंबर सगळ्यांना पाठ असतो पण तो पैशाच्या फसवणुकीसाठी आहे.

आणि दुसरं, जे बायका एकमेकींना दबक्या आवाजात सांगतात. ऑर्डर बायकोची, आणि पेमेंट केलं म्हणून नवऱ्याकडे नंबर गेला, मग रात्री साडेअकराला "झोपलात का", "डीपी छान आहे". याला वेळेचा मेसेज पाठवू नका! "१० ते ७ मध्ये लिहा" म्हटलं की तो दहाला लिहील. याला एकच ओळ, ऑर्डरचा काही उल्लेख न करता: "मला तुमच्याशी कामाशिवाय काही बोलायचं नाही. यापुढे मला मेसेज करू नका." हसरा इमोजी नाही, "भाई" नाही, प्लीज नाही. ही ओळ कायद्यातही उपयोगी पडते: त्याच न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, बाईने स्पष्ट नको म्हटल्यावर पुरुषाने जवळीक साधायला तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क करणं याला पाठलाग म्हटलंय, म्हणून नको म्हटलेलं तारखेसकट लिहिलेलं असावं. त्यानंतर आलेल्या कशालाही उत्तर नाही, फक्त जपून ठेवायचं. पोलीस स्टेशनला एकटीने जायला धीर होत नसेल तर गुजरातमध्ये १८१ अभयम् ही बायकांची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, तिथे आधी बोलून घ्या.

तक्रार द्यायला जाताना तुमची ती ओळ असलेला स्क्रीनशॉट सगळ्यात वर ठेवा, त्याच्या खाली नंतर आलेले मेसेज तारखेप्रमाणे, आणि मूळ फोन बरोबर न्या, त्यातलं चॅट पुसू नका. केस पुढे गेली तर फोनमधल्या मजकुराला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे एक सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते कसं करायचं ते वकिलाला विचारा. सीझनमध्ये नवीन फोन घ्यायचा असेल तरी हे मिटेपर्यंत जुना एक्सचेंजमध्ये देऊ नका.